वीस रुपयांच्या आठ ऑर्डर

निफ्टीचे ऑप्शन विकून दर आठवड्याला थोडेथोडे कमवायचे, पण तोटा मात्र आधीच बांधून ठेवायचा, असा विचार करणारा माणूस सहसा आयर्न कॉन्डॉर नावाच्या रचनेपाशी येऊन थांबतो. यात एकाच वेळी चार सौदे होतात, बाजारच्या भाषेत चार लेग. दोन ऑप्शन विकायचे, दोन विकत घ्यायचे. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये याचा आलेख फार देखणा दिसतो: मधे रुंद हिरवा पठार, दोन्ही कडांना लाल उतार, वर लिहिलेले ‘सर्वाधिक नफा’ आणि ‘सर्वाधिक तोटा’, आणि शेजारी नव्वद टक्क्यांच्या वरची यशाची शक्यता. हा आलेख खोटा नसतो. पण बहुतेक ठिकाणी त्यात दलाली आणि कर धरलेले नसतात. मोठ्या खात्याला त्याने काही बिघडत नाही. एका लॉटवर खेळणाऱ्या लहान खात्याचा मात्र सगळा व्यवहारच त्या न धरलेल्या आकड्यावर ठरतो.

दलाली नफा खाते एवढेच सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही, ते कुणालाही कळते. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. प्रीमियम अगदी किरकोळ असला की ठरावीक दलाली माणसाचे निर्णय वाकवते. वेळेवर बाहेर पडायचे तेव्हा ती त्याला थांबवते, विमा घ्यायचा तेव्हा तो टाळायला लावते. हे कसे होते ते एका सौद्याचा हिशेब पूर्ण मांडूनच समजेल.

आधी ज्यांना ऑप्शनची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निफ्टी ठरलेल्या पातळीच्या वर गेला तर फरकाचे पैसे मिळण्याचा हक्क म्हणजे कॉल, खाली गेला तर मिळण्याचा हक्क म्हणजे पुट. त्या पातळीला स्ट्राइक म्हणतात आणि हक्काच्या किमतीला प्रीमियम. हक्क विकत घेणारा प्रीमियम देतो, विकणारा तो घेतो आणि बदल्यात जोखीम पत्करतो. सौदा एकेका नगाचा होत नाही, लॉटचा होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला, आणि खालचा सगळा हिशेब २०२५ सालच्या त्या ७५ च्या लॉटवर आणि त्या वर्षीच्या दरांवर केला आहे. लॉट आणि कर अधूनमधून बदलतात, पण हिशेबाची पद्धत बदलत नाही.

समजा निफ्टी २५,००० च्या आसपास आहे आणि आठवड्याच्या एक्स्पायरीला दोन दिवस उरले आहेत. एक लाखाचे खाते असलेला एक जण ठरवतो, की दोन दिवसांत निफ्टी चारशे अंकांहून जास्त हलणार नाही. तो २५,४०० चा कॉल ६ रुपयांना विकतो आणि वर धोका नको म्हणून २५,५०० चा कॉल साडेतीन रुपयांना विकत घेतो. खालच्या बाजूला २४,६०० चा पुट ७ रुपयांना विकतो आणि २४,५०० चा पुट साडेचार रुपयांना घेतो. वरच्या जोडीतून अडीच रुपये, खालच्या जोडीतून अडीच रुपये, मिळून पाच रुपये हाती आले. ७५ ने गुणले की ३७५ रुपये. निफ्टी २४,६०० आणि २५,४०० च्या मधे बंद झाला तर हे ३७५ रुपये त्याचे. तो कुठल्याही बाजूने सुसाट गेला तर शंभर अंकांच्या फरकातून मिळालेले पाच वजा होऊन ९५ अंकांचा, म्हणजे ७,१२५ रुपयांचा तोटा. त्याहून जास्त नाही.

आता खर्च. सवलतीच्या दरात काम करणाऱ्या बहुतेक दलालांकडे ऑप्शनच्या प्रत्येक ऑर्डरला २० रुपये दलाली असते. ऑर्डर एका लॉटची असो की वीस लॉटची, प्रीमियम दोन रुपये असो की दोनशे, दलाली तेवढीच. चार लेग म्हणजे चार ऑर्डर, म्हणजे ८० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. बाकीचे सगळे आकार टक्क्यांत असतात. एसटीटी विकलेल्या प्रीमियमवर ०.१ टक्का, एनएसईचे व्यवहार शुल्क प्रीमियमवर ०.०३५०३ टक्के, मुद्रांक शुल्क फक्त खरेदीवर ०.००३ टक्के, सेबीचे शुल्क कोटीला १० रुपये. या सौद्यात विकलेला प्रीमियम १३ रुपये गुणिले ७५, म्हणजे ९७५ रुपये. त्यावर एसटीटी होतो सुमारे एक रुपया. व्यवहार शुल्क होते पंचावन्न पैसे. मुद्रांक शुल्क दोन पैशांच्याही आत. सगळे मिळून खर्च ९६ रुपये, आणि त्यातले ९४ रुपये ४० पैसे नुसते दलालीचे आणि दलालीवरच्या जीएसटीचे.

हे प्रमाण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. एसटीटीवर बाजारात सतत तक्रार चालते आणि मोठ्या प्रीमियमचे सौदे वारंवार करणाऱ्याच्या बाबतीत ती रास्तही आहे. पण दोन-पाच रुपयांचा प्रीमियम विकणाऱ्या माणसाला एसटीटीशी फारसे देणेघेणेच नाही. त्याचा खर्च जवळजवळ पूर्णपणे ठरावीक दलालीचा आहे. रिक्षाच्या किमान भाड्यासारखे हे आहे: दोन गल्ल्या जाणाऱ्यालाही मीटर पडल्याबरोबर तेवढे द्यावेच लागतात, मग मीटरचा दर कितीही स्वस्त असो.

तर ३७५ रुपयांतून ९६ गेले, म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा सौदा उघडतानाच संपला. पण इथपर्यंत गृहीत धरले आहे, की सौदा एक्स्पायरीपर्यंत तसाच ठेवला आणि चारही ऑप्शन निकामी होऊन संपले. अशा वेळी बंद करण्याची ऑर्डर लागत नाही, म्हणून पुन्हा दलालीही लागत नाही. प्रत्यक्षात जाणकार लोक असे करू नका म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे. अर्धा नफा आला की बाहेर पडा, उरलेल्या अर्ध्यासाठी शेवटच्या दिवसाची जोखीम घेऊ नका, हा जगभर पाळला जाणारा शहाणपणाचा नियम आहे.

आपला माणूस हा नियम पाळतो. दुसऱ्या दिवशी विकलेला कॉल ६ वरून ३ वर आला आहे, विकलेला पुट ७ वरून साडेतीनवर. घेतलेला कॉल पावणेदोन रुपयांना विकला जातो, घेतलेला पुट सव्वादोन रुपयांना. चारही लेग बंद करायला निव्वळ अडीच रुपये लागले. पाच मिळाले होते, अडीच दिले, अडीच उरले. ७५ ने गुणून १८७ रुपये ५० पैसे. अ‍ॅपच्या पडद्यावर हा आकडा हिरव्या अक्षरांत दिसतो. बाहेर पडायचा खर्च पुन्हा सुमारे ९५ रुपये. जाण्यायेण्याचा मिळून १९१ रुपये. म्हणजे अंदाज बरोबर आला, शिस्त पाळली, अर्धा नफा पदरात पडला, आणि खात्यातून साडेतीन रुपये कमी झाले.

यात अजून एक खर्च धरलेलाच नाही, कारण तो कुठल्याही पावतीवर छापून येत नाही. प्रत्येक ऑप्शनला दोन भाव असतात: विकत घेणाऱ्याने देऊ केलेला आणि विकणाऱ्याने मागितलेला. तुम्हाला घाई असेल तर घेताना वरचा भाव द्यावा लागतो, विकताना खालचा घ्यावा लागतो. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये भाव पाच पैशांच्या पायरीने हलतो, आणि दूरच्या स्ट्राइकमध्ये दोन भावांत दहा-वीस पैशांचे अंतर सहज असते. एका लेगमागे फक्त दहा पैसे गेले असे धरा. चार लेगचे चाळीस पैसे, गुणिले ७५, म्हणजे ३० रुपये. दोनशे रुपये प्रीमियमच्या ऑप्शनमध्ये दहा पैशांकडे कुणी बघत नाही. पण इथे सगळी मिळकतच पाच रुपयांची आहे, तेव्हा चाळीस पैसे म्हणजे तिचा आठ टक्के भाग. चारही लेग एकामागून एक हाताने टाकताना मधेच निफ्टी दहा अंक हलला, तर नुकसान याच्या कितीतरी पट होते. एखादी लिमिट ऑर्डर अर्धीच भरली गेली आणि ती रद्द करून नवी टाकली, तर त्या लेगवर आणखी २० रुपये लागतात ते वेगळेच. एका लॉटवर अर्धी भरण्याचा प्रश्न येत नाही, पण दोन-तीन लॉट करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

आता यशाच्या शक्यतेकडे वळू, कारण लहान खातेदाराला तीच सर्वांत मोहात पाडते. खर्च धरला नाही तर या सौद्याचे गणित सरळ आहे. एकदा पूर्ण तोटा झाला तर ७,१२५ गेले. ते भरून काढायला ३७५ चे १९ नफे लागतात. म्हणजे वीस वेळांपैकी एकदा पूर्ण तोटा झाला तर हिशेब बरोबर शून्यावर. आता दलाली आणि भावातला फरक मिळून दर वेळचे १२६ रुपये धरा, तेही एक्स्पायरीपर्यंत थांबून वाचवलेल्या दलालीनंतरचे. नफा उरतो २४९ रुपये आणि तोटा होतो ७,२५१. आता तो एक तोटा भरायला २९ हून जास्त नफे लागतात. वीसमध्ये एक चूक परवडणारा माणूस आता तीसमध्ये एकच चूक करू शकतो. वर्षाला आठवडे बावन्न. म्हणजे दर आठवड्याला असा एक सौदा केला, तर आधी वर्षात अडीचेक पूर्ण तोटे सोसता आले असते, आता पावणेदोनही नाहीत.

अर्थात प्रत्येक तोटा पूर्ण होत नाही, काही वेळा निफ्टी दोन स्ट्राइकच्या मधेच थांबतो आणि थोडक्यावर निभावते. पण प्रीमियमचा भाव ठरवणारे लोकही शक्यतांचाच हिशेब करून बसलेले असतात. २५,४०० चा कॉल सहा रुपयांना मिळतो तो निफ्टी तिथे पोहोचण्याची शक्यता कमी आहे म्हणूनच. ऑप्शन विकणाऱ्याला सरासरीने जो काही थोडा वाढावा मिळत असेल तो प्रीमियमचा एक छोटा अंश असतो. त्या अंशातून प्रीमियमचा तिसरा हिस्सा खर्चात गेला, तर उरते ते वाढाव्याच्या उलट बाजूला.

मग मोठ्या खात्यांना हाच सौदा कसा परवडतो? दलाली ऑर्डरवर आहे, लॉटवर नाही, एवढ्यामुळेच. निफ्टीत एका ऑर्डरमध्ये जास्तीत जास्त १,८०० नग टाकता यायचे, म्हणजे ७५ चे २४ लॉट. चोवीस लॉटचा हाच आयर्न कॉन्डॉर केला तर हाती ९,००० रुपये येतात. दलाली तीच ८० रुपये. टक्क्यांतले आकार चोवीस पटींनी वाढतात, तरी सगळा मिळून खर्च १३५ रुपयांच्या आत राहतो. नऊ हजारांवर १३५ म्हणजे दीड टक्का. एका लॉटवाल्याला तोच खर्च साडेपंचवीस टक्के पडला. सौदा एक, स्ट्राइक तेच, भाव तेच, अंदाजही तोच, पण एकाच्या हातात तो धंदा आहे आणि दुसऱ्याच्या हातात दलालाचा.

लहान खातेदाराने लॉट वाढवावेत, तर ते त्याच्या हातात नाही, कारण मार्जिन. चार लेगमुळे तोटा ७,१२५ वर बांधला गेला आहे, म्हणून तेवढेच पैसे अडकतील असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. विमा म्हणून घेतलेल्या ऑप्शनमुळे मार्जिनचा एक भाग, ज्याला स्पॅन म्हणतात, तो खूप कमी होतो. पण विकलेल्या ऑप्शनवर कराराच्या पूर्ण किमतीवर लागणारे एक्स्पोजर मार्जिन राहते. २५,००० गुणिले ७५ म्हणजे कराराची किंमत पावणेएकोणीस लाख. त्याचे दोन टक्के म्हणजे ३७,५०० रुपये. म्हणजे सात हजारांच्या जोखमीसाठी कितीतरी पट रक्कम अडकून पडते आणि एक लाखाच्या खात्यात एका लॉटच्या पुढे जाताच येत नाही.

लॉट २५ चा होता तेव्हा लहान खात्याला जास्त सोपे होते, असे बाजारात अजून ऐकू येते. मार्जिनच्या दृष्टीने ते खरे आहे. दलालीच्या दृष्टीने मात्र उलटे होते. याच भावात २५ च्या लॉटवर हाती १२५ रुपये आले असते आणि चार ऑर्डरची दलाली जीएसटीसह ९४ रुपये ४० पैसे लागलीच असती. सौदा यशस्वी झाला तरी तीस रुपये, आणि मधे बंद केला तर तोटा ठरलेला. त्या काळात एका लॉटवर दूरचे आयर्न कॉन्डॉर करणाऱ्यांचे नफे कुठे गेले, याचे उत्तर त्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर छापलेले आहे.

आता मघाशी म्हटलेल्या गोष्टीकडे येतो. दलालीचा खरा घाव निर्णयांवर होतो.

एक्स्पायरीचा दिवस घ्या. दुपारचे अडीच वाजलेत, निफ्टी २५,३६० वर आहे, विकलेल्या २५,४०० च्या कॉलपासून फक्त चाळीस अंक लांब. शहाणपण सांगते, बाहेर पड. पण चारही लेग बंद करायचे तर पुन्हा ९५ रुपये, आणि उरलेला नफाच जेमतेम तेवढा. मग माणूस थांबतो. निफ्टीचा अखेरचा भाव शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर ठरतो, आणि त्या अर्ध्या तासात शंभर अंकांची उडी ही निफ्टीला नवी गोष्ट नाही. ९५ रुपये वाचवण्यासाठी सात हजारांची जोखीम उघडी ठेवली जाते. तो माणूस बेफिकीर असतो असे नाही. त्याच्या समोरच्या आकड्यांनीच त्याला थांबायला सांगितलेले असते.

त्यात नियमांची एक अडचण आहे. नोव्हेंबर २०२४ पासून एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या ऑप्शनवर आणखी दोन टक्के मार्जिन लागते. म्हणजे कालपर्यंत पुरणारे पैसे आज पुरतीलच असे नाही. पैसे कमी पडले तर दलाल स्वतः सौदा बंद करतो, आणि त्याच्या टेबलवरून टाकल्या जाणाऱ्या ऑर्डरचा आकार बहुतेक ठिकाणी नेहमीच्या २० रुपयांहून जास्त असतो. त्यामुळे ‘थांबलो की बाहेर पडायची दलाली लागत नाही’ हा हिशेब लहान खात्याच्या बाबतीत भरवशाचा नाही.

सौद्यात दुरुस्ती करणेही असेच महागते. निफ्टी वर सरकू लागला, म्हणून वरची जोडी बंद करून आणखी वर नवी उघडायची, याला दोन ऑर्डर बंद करायला आणि दोन नव्या उघडायला, अशा चार ऑर्डर लागतात. आणखी ९४ रुपये ४० पैसे. उघडताना ९६ गेले होते, दुरुस्तीत ९४ गेले, शेवटी बंद केले तर ९५. तीनशे पंचाहत्तरातून दोनशे पंच्याऐंशी नुसत्या ये-जा करण्यात गेले, आणि दुरुस्ती करताना जुनी जोडी महाग घेऊन बंद केली त्याचा तोटा अजून धरलेला नाही. पुस्तकातल्या दुरुस्तीच्या युक्त्या एका लॉटवर लागू पडत नाहीत, हे कुणी नवशिक्याला सांगत नाही.

सर्वांत घातक वळण मात्र तिसरे आहे. हिशेब कळल्यावर काही जण म्हणतात, विकत घेतलेले दोन लेगच काढून टाकू. दलाली निम्मी होईल आणि पाचऐवजी तेरा रुपये हाती येतील. आकडे खरे आहेत. ९७५ रुपयांवर खर्च ४९ च्या आसपास, म्हणजे पाच टक्के, सगळे एकदम स्वस्त दिसते. पण मग तोट्याला तळ राहत नाही. लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, ४ जून २०२४ ला, निफ्टी सुमारे सहा टक्क्यांनी खाली बंद झाला. आपल्या उदाहरणातल्या पातळीवर सहा टक्के म्हणजे दीड हजार अंक. २४,६०० चा पुट उघडा विकलेला असता तर एका लॉटमागे तोटा ऐंशी हजारांच्या पुढे गेला असता. लाखाचे खाते एका दिवसात संपते. शिवाय विमा नसलेल्या विक्रीला मार्जिनही इतके लागते, की लाखाच्या खात्यात ती बहुधा बसतच नाही. दलाली वाचवण्यासाठी विमा सोडणे हा उपाय नाही, आणि हे मी अगदी ठासून सांगतो.

दोनच लेगची एक जोडी केली तर? फक्त खालची बाजू, म्हणजे पुट विकून पुट घेणे. ऑर्डर दोन, दलाली ४० रुपये. पण हाती येणारे पैसेही निम्मे, १८७ रुपये ५० पैसे. प्रमाण तेच राहते, चौथा हिस्सा. म्हणजे लेगची संख्या हा एकटा गुन्हेगार नाही. पाहायचे ते हे, की एका ऑर्डरमागे निव्वळ किती प्रीमियम पदरात पडतो. ही परीक्षा कागदावर अर्ध्या मिनिटात होते. आपल्या उदाहरणात उघडायच्या चार आणि बंद करायच्या चार, अशा आठ ऑर्डर धरा. ३७५ भागिले ८ म्हणजे ४७ रुपये. प्रत्येक ऑर्डरची किंमत जीएसटीसह २३ रुपये ६० पैसे. सगळे मनासारखे घडले तरी निम्मे गेले. हा सौदा इथेच सोडून द्यावा.

तुलनेला वेगळा आयर्न कॉन्डॉर घ्या. निफ्टीच्या जवळचे स्ट्राइक, जोडीतले अंतर दोनशे अंकांचे, आणि एक्स्पायरीला जास्त दिवस. कॉल ५४ ला विकला, ३४ ला घेतला. पुट ५६ ला विकला, ३६ ला घेतला. निव्वळ ४० रुपये, म्हणजे लॉटमागे ३,००० रुपये. उघडण्याचा खर्च टक्क्यांतले आकार वाढल्यामुळे १०८ रुपये, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या जवळपास. एका ऑर्डरमागे ३७५ रुपये पडतात. अर्ध्या नफ्यावर बाहेर पडले तर १,५०० रुपयांतून दोन्ही बाजूंचे दोनशेच्या आसपास जातात आणि बाराशेहून जास्त उरतात. इथे शिस्त पाळायला आकडे आडवे येत नाहीत.

पण हा सौदा म्हणजे पहिल्याचीच सुधारलेली आवृत्ती नव्हे. इथे सर्वाधिक तोटा १२,००० रुपये आहे आणि निफ्टी स्ट्राइकपर्यंत पोहोचण्याची शक्यता कितीतरी जास्त. नव्वद टक्के यशाचा आकडा दिसणार नाही, त्याहून कमी दिसेल. लाखाच्या खात्यात बारा हजारांची जोखीम म्हणजे एका सौद्यात खात्याचा आठवा हिस्सा. तीही पेलणारी नसेल, तर खरे उत्तर एवढेच, की या खात्याला निफ्टीचे चार लेगचे सौदे परवडत नाहीत. दूरचे स्वस्त स्ट्राइक निवडून ते परवडणारे होत नाहीत, फक्त तसे दिसतात.

बाहेर पडताना उपयोगी पडणारी एक बारीक गोष्ट इथे सांगून ठेवतो. विम्यासाठी घेतलेल्या ऑप्शनचा भाव तीस पैशांवर आला, की ७५ नगांचे साडेबावीस रुपये होतात आणि तो विकायला २३ रुपये ६० पैसे लागतात. तो विकून काहीच मिळत नाही, उलट एक रुपया जातो. विकलेले दोन लेग परत घेऊन टाकले की हे घेतलेले दोन तसेच पडू द्यावेत. त्यात धोका नाही आणि दोन ऑर्डर वाचतात. क्रम मात्र चुकवू नये. उघडताना आधी घ्यायचे मग विकायचे, बंद करताना आधी विकलेले परत घ्यायचे. उलटे केले तर मधल्या क्षणी खाते विम्याशिवाय उघडे पडते आणि मार्जिनअभावी ऑर्डर नाकारली जाते.

हे सगळे किरकोळ रकमांचे आहे, एवढ्याने काय होते, असे वाटत असेल तर सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. याच तीन वर्षांत या सगळ्यांनी मिळून व्यवहारांच्या खर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये दिले, आणि त्यातले ५१ टक्के दलालीचे होते. २०२३-२४ या एका वर्षात दर माणशी हा खर्च सरासरी २६,००० रुपये होता. दर आठवड्याला आठ ऑर्डरचा एक आयर्न कॉन्डॉर केला तर नुसती दलाली आणि जीएसटी वर्षाला ९,८०० रुपयांच्या वर जातात. लाखाच्या खात्यात हे जवळजवळ दहा टक्के झाले, आणि बँकेतल्या मुदत ठेवीवर मिळणाऱ्या व्याजाहून ते जास्त आहे.

म्हणून विनंती एवढीच, की पुढचा सौदा टाकण्याआधी मागच्या तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट उघडा. अ‍ॅपच्या पडद्यावरचा हिरवा आकडा पाहू नका, त्यात आकार धरलेले असतीलच असे नाही. कॉन्ट्रॅक्ट नोटच्या तळाशी दलाली, जीएसटी, एसटीटी, मुद्रांक शुल्क वेगवेगळे लिहिलेले असते. तीन महिन्यांची दलाली आणि जीएसटी यांची बेरीज करा आणि त्याच काळात हाती आलेल्या निव्वळ प्रीमियमशी ती ताडून पाहा. बेरीज दहा टक्क्यांच्या वर गेली असेल तर अंदाज सुधारून उपयोग नाही, सौदाच बदलावा लागेल. आणि पंचवीस टक्क्यांवर गेली असेल तर तो सौदा त्याच दिवशी बंद करा.